कूपन कोडची खरी किंमत किती? गोखिवऱ्याच्या गाळ्यातला हिशेब

आजचा भाग मी गाळ्यातूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे शिलाई मशीनचा आवाज येईल, मधेच एखादा टेम्पो रिव्हर्स घेताना गाणं वाजवेल, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमचा गाळा गोखिवऱ्याला, रेंज ऑफिसच्या स्टॉपपासून आत. बाबांनी इथं दुसऱ्यांच्या बॅगा जॉबवर्कने शिवल्या. मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही त्याच मशीनवर स्वतःच्या बॅगा शिवून ऑनलाइन विकतो. ऑफिसची बॅग, पाठीवर अडकवायची, डब्याला वेगळा कप्पा. विरार लोकलमध्ये पुढे घेऊन उभं राहता येईल अशी. जाहिरात संपली.

आजचा विषय कूपन कोड. तुम्ही ऐकणारे बहुतेक सगळे कोड वापरणारे आहात, काही जण इन्स्टावर काहीतरी विकणारेही आहात. मी दोन्हीकडे आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही `NAVI20` नावाचा कोड काढला, २० टक्के सूट. महिनाअखेरीला मावसभाऊ मोबाइल नाचवत आला, "दादा, बघ, कोडवरून ९६ ऑर्डरी! ६१ हजार ४४० रुपयांची विक्री. सूट दिली फक्त १५ हजार ३६०. एक रुपया सोडला तर चार रुपये आले." डॅशबोर्डवर खरंच तसंच दिसत होतं. बाबा बाजूला धागा ओवत बसले होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "उरले किती?"

तर तिथून सुरू करू. उरले किती.

बॅगची किंमत ८०० रुपये धरा. जीएसटी मी या पूर्ण हिशेबातून बाजूला ठेवलाय, कारण तो आपला पैसाच नाही. बिलावरच दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते, म्हणजे कूपन दिलं की करही त्या प्रमाणात कमी लागतो. म्हणून हिशेब कर वगळूनच करायचा, नाहीतर डोकं फिरतं. आता ८०० मधून कापड, चेन, अस्तर आणि कारिगराची मजुरी मिळून ३८० गेले. पॅकिंग २०. कुरिअर ७०, ते आम्हीच भरतो. पेमेंटवाल्याचे दोन टक्के, म्हणजे १६. उरले ३१४.

आता २० टक्के सूट द्या. बॅग ६४० ला गेली. कापड स्वस्त झालं का? नाही. कारिगर म्हणाला का, कूपनची बॅग आहे, मी मजुरी कमी घेतो? कुरिअरवाला? कुणीच नाही. फक्त पेमेंटवाल्याचे तीन रुपये वाचले. ६४० मधून ३८०, २०, ७० आणि १३ वजा केले की उरतात १५७. बरोब्बर निम्मे. गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानदाराने २० टक्के सोडले. दुकानदाराने प्रत्यक्षात स्वतःच्या कमाईतले ५० टक्के सोडलेले असतात. म्हणजे पहिल्याइतकंच कमवायला आता दुप्पट बॅगा विकायला हव्यात. तुमच्या मालात उरतं किती यावर हा आकडा बदलतो. साबणाचा वेगळा येईल, दागिन्यांचा वेगळा. पण सूट ही विक्रीवर मोजायची नसते, उरणाऱ्या पैशावर मोजायची असते, एवढं बाबांच्या एका प्रश्नाने मला कळलं.

पण याहून अवघड प्रश्न पुढे आहे. त्या ९६ जणांपैकी कितीजण कोड नसता तरी आले असते?

हे डॅशबोर्ड कधीच सांगत नाही. तो फक्त सांगतो की कोड वापरला गेला. एखादी ताई बॅग कार्टमध्ये टाकून, पत्ता भरून, पैसे द्यायला तयार बसलेली असते. तेवढ्यात तिला पडद्यावर एक रिकामी चौकोनी पेटी दिसते, 'कूपन कोड टाका'. ती म्हणते, अरेच्चा, म्हणजे बाकीच्यांना स्वस्त मिळतंय वाटतं. ती दुसरी टॅब उघडते, कोड शोधते, आणून चिकटवते. तुम्ही केलंय की नाही? मी केलंय. ही ऑर्डर कूपनने आणली का? नाही. ती आलेलीच होती, कूपनने फक्त तिच्यातले १५७ रुपये काढून घेतले. आम्ही आता ती पेटी काढूनच टाकली. कोड ज्याला पाठवला त्याच्या लिंकमधूनच सूट आपोआप लागते, बाकीच्यांना काही दिसत नाही. एका कॉलेजच्या फेस्टसाठी दिलेला कोड आठवड्याभरात टेलिग्रामच्या चॅनेलवर फिरताना सापडला होता, त्यानंतर हे शहाणपण आलं.

तर 'आले असते का' हे मोजायचं कसं? ज्याला कोड मिळाला नाही अशा माणसांशी तुलना करून. दुसरा मार्ग नाही. आम्ही काय केलं ते सांगतो. जुन्या चौकशांमधले चार हजार नंबर होते. त्यांचे दोन गट केले, नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर कोडसह मेसेज, विषम असेल तर तोच मेसेज, तोच फोटो, फक्त कोड नाही. साधारण दोन-दोन हजार झाले. यात एक पथ्य आहे. 'चांगल्या' गिऱ्हाइकांना कोड पाठवला आणि उरलेल्यांना नाही, असं चालत नाही. मग फरक कोडमुळे आला की माणसांमुळे, ते कळत नाही. शेवटचा आकडा बिचारा कुणाच्या खिशात किती पैसे आहेत ते बघत नाही.

दोन आठवड्यांनी मोजलं. कोड न मिळालेल्या गटातून ६० ऑर्डरी आल्या, सगळ्या पूर्ण भावाने. ६० गुणिले ३१४, म्हणजे १८ हजार ८४०. कोड मिळालेल्या गटातून १०४ आल्या. त्यातल्या ९६ कोडवाल्या, हेच ते मावसभावाचे ९६, आणि ८ जणांनी कोड लावायचा कंटाळा केला. ९६ गुणिले १५७, अधिक ८ गुणिले ३१४, मिळून १७ हजार ५८४.

परत ऐका. ४४ ऑर्डरी जास्त आल्या आणि पैसे १ हजार २५६ रुपये कमी उरले. ४४ बॅगा जास्त कापल्या, शिवल्या, पॅक केल्या. मावसभाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

आता इथं मी थोडा प्रामाणिकपणा करतो, कारण अशा आकड्यांवर लोक फार उड्या मारतात. ऑर्डरी वाढल्या हे नक्की. ६० आणि १०४ मधला फरक नशिबाने पडण्याएवढा लहान नाही. पण १ हजार २५६ चा तोटा झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच आठवड्यात चार-पाच माणसं इकडची तिकडे झाली असती तर तो फायदा दिसला असता. मी एवढंच म्हणेन की कोडने कमाईत जवळजवळ काही भर घातली नाही, आणि 'एकाचे चार' तर मुळीच झाले नाहीत. पुढचे दोन महिनेही आम्ही दोन्ही गट बघत राहिलो. कोडवाल्या गटाने नंतर २७ बॅगा घेतल्या, बिनकोडवाल्याने ४०. यावरून वाटतं की काही लोकांनी पुढची खरेदीच आधी उरकून घेतली. शंका घ्यायला हे पुरेसं आहे, शपथेवर सांगायला नाही. तुमचे आकडे आमच्यापेक्षा लहान असतील, महिन्याला वीसच ऑर्डरी असतील, तर एका फेरीवरून काही ठरवू नका, तीच चाचणी दोन-तीनदा करून बेरीज बघा.

आता एकावर एक सूट. हा भाग ऐकताना गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला मजा येईल, दुकानदार म्हणून घाम फुटेल.

आमच्याकडे तीन सवलती होत्या, आणि प्रत्येक वेगळ्या दिवशी, वेगळ्या मूडमध्ये सुरू केलेली. नव्या गिऱ्हाइकाला २० टक्के. मित्राच्या लिंकवरून आला तर १०० रुपये. आधीच ऑनलाइन पैसे भरले तर ५ टक्के, कारण कॅश ऑन डिलिव्हरीत पार्सल परत येण्याचा ताप फार. एकेक सुटं बघितलं तर तिन्ही परवडतात. पण तिन्ही एकाच ऑर्डरवर लागू नयेत असं आम्ही सिस्टीमला कुठे सांगितलंच नव्हतं. ८०० चे २० टक्के गेले, ६४० राहिले. १०० गेले, ५४०. त्यावर ५ टक्के, ५१३. त्यातून ३८०, २०, ७० आणि पेमेंटचे १० वजा करा. उरले ३३. आणि ज्या मित्राने लिंक पाठवली त्याच्या खात्यात १०० जमा करायचेत ते वेगळेच. त्याने ते वापरले की आपण प्रत्येक बॅगमागे ६७ रुपये पदरचे घालून लोकांना बॅगा वाटतोय.

गंमत अशी की क्रमानेही फरक पडतो. आधी १०० वजा करून मग २० टक्के काढले तर ५४० ऐवजी ५६० राहतात. एका बॅगमागे २० रुपये फक्त क्रमाचे. तुमच्या ॲपमध्ये कुठला क्रम लागतो ते एकदा स्वतः ऑर्डर टाकून बघा, कुणाला विचारू नका.

मग हे आम्हाला सहा महिने दिसलं कसं नाही? कारण रिपोर्ट कोडनुसार होता. ही ५१३ ची एकच ऑर्डर नव्या गिऱ्हाइकाच्या सवलतीत मोजली गेली, मित्राच्या लिंकमध्ये मोजली गेली आणि आगाऊ पैशांच्या सवलतीतही. एक बॅग, ५१३ रुपये, पण तीन रिपोर्टांची बेरीज १ हजार ५३९. प्रत्येक सवलत म्हणतेय, हे गिऱ्हाईक मी आणलं. लग्न जमल्यावर गावातले तीन जण येऊन सांगतात ना, स्थळ मीच सुचवलं होतं, तसं. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कोडनुसार विक्रीची बेरीज करा आणि ती कोडवाल्या ऑर्डरींच्या खऱ्या विक्रीशी लावून बघा. जास्त भरली की समजायचं, एकावर एक चढलंय. त्यानंतर आम्ही कोडनुसार बघणं सोडलं. आता प्रत्येक ऑर्डरच्या ओळीत शेवटी एकच रकाना असतो, 'उरले', आणि तो १२० च्या खाली जात असेल तर दुसरी सवलत लागतच नाही.

आता मित्राला बोलवा, पैसे मिळवा. रेफरल. यातली फिरवाफिरवी ऐकण्यासारखी आहे.

भीम ॲप आठवतंय? १४ एप्रिल २०१७ ला, आंबेडकर जयंतीला, नागपूरला त्याची रेफरल योजना जाहीर झाली. आणणाऱ्याला १० रुपये, येणाऱ्याला १० रुपये. पण त्याला अट होती. नव्या माणसाने किमान तीन वेगवेगळ्या माणसांशी व्यवहार करायचे, मिळून ५० रुपयांचे, तेव्हाच बोनस. त्या वेळी मला ती अट उगाच किचकट वाटली होती. आता स्वतःचे हात पोळल्यावर कळतं की 'तीन वेगवेगळ्या माणसांशी' हे शब्द कुणीतरी फार विचार करून लिहिलेत. नाहीतर घरातल्या घरात, आईच्या फोनवरून बाबांच्या फोनवर दहा रुपये फिरवून बोनस घेता आला असता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलचं तेझ आलं, तिथं ५१ रुपये मिळायचे. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक आजीचा फोन कुठल्या ना कुठल्या नातवाने तेव्हा 'आणला' होता.

आमच्याकडे असं झालं की ऑर्डर पडल्या क्षणी आणणाऱ्याला १०० मिळत होते. मग एक वर्तुळ सापडलं. पहिल्या नंबरने दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला. प्रत्येकाची पहिलीच ऑर्डर, कॅश ऑन डिलिव्हरी. पार्सलं दारात गेली, 'नको' म्हणून परत आली. जायचे ७० आमचे, परतीचे साधारण तेवढेच आमचे. पण १०० रुपये आधीच जमा झालेले, आणि ते एका खऱ्या ऑर्डरवर वापरून मोकळे. डॅशबोर्डवर मात्र चार नवे गिऱ्हाईक!

हे शोधायचं कसं? आम्हाला वाटलं, पत्ता बघू. एकच पत्ता, अनेक नंबर, झाला चोर. या युक्तीने आम्ही पहिल्याच दिवशी ज्यांना अडवलं, ते निघाले आमच्याच औद्योगिक वसाहतीतले कामगार. इथं चाळीस-चाळीस गाळ्यांचा एकच पत्ता असतो, पार्सल गेटवरचे वॉचमनकाका घेतात आणि संध्याकाळी ज्याचं त्याला देतात. खरी, पैसे भरणारी माणसं ती, एकमेकांचं बघून बॅग घेणारी. रेफरल जसं चालावं तसंच ते चालत होतं आणि आम्ही त्यांनाच चोर ठरवलं. जाऊन माफी मागितली, चहा पाजला.

पत्त्यापेक्षा पैसे कुठून आले ते जास्त बोलतं. चार 'मित्रांचे' पैसे एकाच यूपीआय आयडीवरून आले तर विचारायला जागा आहे. तरी तेही पक्कं नाही, मुलगा आईची ऑर्डर भरतोच. शेवटी पकडापकडी सोडून आम्ही फक्त वेळ बदलली. आता आणणाऱ्याचे १०० रुपये जमा होतात ते नव्या माणसाचे पैसे आल्यावर आणि बॅग परत करायचे सात दिवस उलटल्यावर. वर्तुळं आपोआप थांबली, कारण आता चार खोटी गिऱ्हाइकं तयार करायला चार खऱ्या बॅगा विकत घ्याव्या लागतात. खरा मित्र सात दिवस थांबतो.

शेवटी ते, ज्यांना आम्ही गाळ्यात 'कूपनवाले' म्हणतो. फक्त सूट असेल तेव्हाच घेणारे. हे किती आहेत ते बघायला तीन तरी ऑर्डरी झालेलेच लोक घ्या. एकाच ऑर्डरवरून कुणाची सवय कळत नाही. शीटमध्ये `B` रकान्यात फोन नंबर आणि `D` मध्ये वापरलेला कोड असेल, कोड नसेल तर तो खाना खरोखर रिकामा असेल, तर हे सूत्र त्या माणसाच्या किती ऑर्डरी कोडवर झाल्या ते सांगतं:

```
=COUNTIFS(B:B,B2,D:D,"<>")/COUNTIF(B:B,B2)
```

उत्तर 1 आलं की सगळ्या ऑर्डरी कोडवर. आमच्याकडे तीन किंवा जास्त ऑर्डरी केलेले ४१२ निघाले, त्यातल्या १३१ जणांचं उत्तर 1.

मावसभावाचं म्हणणं, यांना कोड बंद करून टाक. हे करून बघितलेलं एक मोठं उदाहरण आहे. अमेरिकेतलं जेसी पेनी नावाचं जुनं दुकान, तिथं ॲपलमधून आलेले रॉन जॉन्सन प्रमुख झाले आणि २०१२ मध्ये त्यांनी कूपनं काढून सरळ कमी किंमत लावली. म्हटलं तर किती प्रामाणिक! त्या एका वर्षात विक्री साधारण २५ टक्क्यांनी घसरली, आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन गेले. त्यांनी ते सगळ्या दुकानांत एकदम केलं, आधी थोड्यांवर करून बघितलं नाही.

म्हणून आम्ही १३१ जणांचेही दोन भाग केले. ६५ जणांना कोड, ६६ जणांना नाही, तीन महिने. कोडवाल्यांतून ३८ जणांनी बॅग घेतली, ३८ गुणिले १५७, म्हणजे ५ हजार ९६६ रुपये उरले. बिनकोडवाल्यांतून १७ जणांनी घेतली, पूर्ण ८०० ला. १७ गुणिले ३१४, ५ हजार ३३८.

म्हणजे ज्यांना आम्ही शंभर टक्के कूपनवाले समजत होतो, त्यातला चौथा हिस्सा पूर्ण भावाने घेऊन गेला. त्यांना आजवर सूट मिळत होती म्हणून ते घेत होते, एवढंच. आणि उरलेले खरंच गेले, आलेच नाहीत. आकडे लहान आहेत, आणि दोन्हीकडे उरलेला पैसा जवळजवळ सारखा.

मावसभाऊ म्हणाला, मग सारखंच की, काय फरक पडतो? मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "मशीन रिकामी आहे की नाही ते बघ." गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे कारिगर पुरत नाहीत. तेव्हा तेवढ्याच पैशासाठी ३८ बॅगा शिवण्यापेक्षा १७ शिवाव्यात, उरलेल्या २१ बॅगांच्या वेळात पूर्ण भावाच्या ऑर्डरी जातात. आणि जुलैमध्ये, इकडे पाणी भरतं, लोकल बंद पडते, बॅग कोण घेतंय! तेव्हा मशीन थांबलेली असते आणि कारिगराला पीसवर मजुरी असल्यामुळे काम नाही तर पैसे नाहीत, तो गावाला निघून जातो. तेव्हा ३८ बॅगा बऱ्या.

तर आता त्या १३१ जणांना आमचा कोड येतो जूनमध्ये आणि जातो गणपतीच्या आधी. बाकीचं वर्ष नाही. यातल्या एक काकू दर सप्टेंबरला फोन करून विचारतात, "कोड बंद झाला का रे?" मी सांगतो, हो काकू. मग त्या म्हणतात, बरं, जूनमध्ये बघू. आणि जूनमध्ये येतात.